पस्तिशीची भिंत कुणासाठी?



समजा, अंजूरच्या एका गोदामात दिवसभर राबून, रात्री अभ्यास करून एम.ए. झालेला आपला एक कार्यकर्ता आहे. वय ३६. आता त्याला परदेशात पीएच.डी. करायची आहे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीचे दार त्याला बंद, कारण तिथे वयाची अट ३५ वर्षे आहे. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत पदव्युत्तरसाठी ३५, पण पीएच.डी.साठी ४० आहे. म्हणजे तो अजून चार वर्षे पात्र आहे. आपल्यातले कितीतरी जण पहिलाच आकडा ऐकून अर्ज भरत नाहीत.

त्याला दुसरी मास्टर्सच करायची असेल, तर ब्रिटनची चेव्हनिंग बघावी. तिला कमाल वयाची अट नाही, उलट दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. चळवळीतली वर्षे इथे उपयोगी पडतात. मात्र नंतर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते.

प्रवेशाला वय आडवे येत नाही, व्हिसाला येऊ शकते. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून शिक्षणानंतरच्या कामाच्या व्हिसाची मर्यादा ५० वरून ३५ वर आणली. संशोधन पदवीवाल्यांना ५० कायम आहे. कर्ज काढून साधी मास्टर्स करणाऱ्याने हे आधीच तपासावे.

बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियाला गेले, तेव्हा २२ वर्षांचे होते. पण घरातली पहिली पदवी तिशीत मिळवणाऱ्याला शासन त्याच घड्याळाने का मोजते? केंद्रानेही पीएच.डी.ची अट ४० करावी, ही मागणी आपण लावून धरू.