किल्ला पडतो तो पोटामुळे!

हॉस्टेलवर गेम म्हटलं की दोन पार्ट्या पडतात. एका पार्टीला धडाधड गोळ्या हव्यात. दुसऱ्या पार्टीत आम्ही मोजकेच, ज्यांना इतिहास हवा. पहिली पार्टी आम्हाला 'म्यूझियमवाले' म्हणते. म्हणू देत! पण आमच्या पार्टीतही मला एक गोष्ट खटकते. गेममधला इतिहास खरा आहे की नाही हे आपण कशावरून ठरवतो? पगडी बरोबर आहे का, कमान बरोबर आहे का, एवढ्यावरून. माझं म्हणणं असं, की पगडी सोडा, गेममध्ये माणूस हरतो कसा ते बघा.

उदाहरण लांब कशाला शोधायचं? आपला देवगिरी घ्या. शहरापासून जेमतेम पंधरा किलोमीटर. डोंगराचे कडे तासून सरळ केलेले, भोवती खंदक, वर जायला एकच वाट आणि त्या वाटेवर अंधारी. तिथे फिरताना कोणालाही वाटेल की कुणीतरी गेमची लेव्हलच डिझाइन केली आहे. असा किल्ला मग पडला कसा?

१२९६ साली अलाउद्दीन खिलजी अचानक येऊन धडकला, तेव्हा रामदेवराय यादव किल्ल्यात शिरला. फेरिश्ता या इतिहासकाराने लिहिलेली कथा अशी, की घाईत धान्य म्हणून वर नेलेली पोती उघडली तर आत मीठ निघालं! राजाला तह करावा लागला. ही कथा लिहिली गेली तीनशे वर्षांनंतर, त्यामुळे मिठाची खात्री मी देत नाही.

पण १६३३ चा वेढा पक्का आहे. शाहजहानचा सरदार महाबतखान खाली, आणि मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान वर. मोगलांनी सुरुंग लावून बाहेरचा अंबरकोट फोडला, मग आतला तट. तरी खरी मारामारी चालली होती धान्यावरून. विजापूरचं सैन्य किल्ल्यात रसद पोचवायला धडपडत होतं, आणि मोगलांची रसद बुऱ्हाणपूरहून येताना वाटेत लुटली जाऊ नये म्हणून त्यांची धावपळ. काही महिन्यांनी वरचं धान्य संपलं, त्यात रोगराई, आणि जून महिन्यात फत्तेखानाने किल्ला दिला.

आता सगळ्यांचा लाडका 'एज ऑफ एम्पायर्स २' बघा. २०२२ च्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया'मध्ये गुर्जर, द्रविड, बंगाली असे आपले लोक आले, मला आनंद झाला. पण त्यातल्या किल्ल्याला ४८०० पॉइंट असतात. लांबून दगड फेकणारं यंत्र आणा, पॉइंट शून्यावर आणा, किल्ला खलास. आणि आत शिरलेले वीस सैनिक? त्यांना भूकच नाही! उलट आत बसून त्यांच्या जखमा भरून येतात. म्हणजे दगडमातीला आयुष्य आहे आणि माणसाला पोट नाही.

याउलट 'युरोपा युनिव्हर्सॅलिस ४'. दिसायला नुसता नकाशा, अ‍ॅक्शन शून्य. पण वेढा घातला की साधारण दर ३० दिवसांनी १ ते १४ असा फासा पडतो. किल्ला जेवढा मजबूत तेवढे गुण कमी, तोफा असतील तर जास्त. हळूहळू पाटी बदलते: आधी रसद कमी, मग धान्य कमी, मग पाणी कमी, मग पळापळ. आणि फासा १ पडला तर वेढा घालणाऱ्यांच्याच छावणीत रोग पसरतो. फत्तेखानाचा किल्ला या नियमांत बसतो. उणीव एवढीच, की इथे अंधारी नाही, खंदक नाही. किल्ला म्हणजे एक आकडा.

पुराणकथांवरच्या गेमला तारखा विचारायच्या नसतात, हे मान्य. पण तिथेही हाच प्रश्न येतो. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स'चा 'राजी' (२०२०) घ्या. कळसूत्री सावल्यांमधून सांगितलेली गोष्ट, भिंतीवरची चित्रं, आणि त्यांची कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू. मी त्या चित्रांपाशीच जास्त रेंगाळले. कारण पुढे गेलं की पुन्हा उड्या आणि त्रिशूळ. कथा भिंतीवर राहते, नियमांत उतरत नाही.

मित्र म्हणतात, पोती मोजत बसायचं, हा काय गेम झाला? अरे, मेसमध्ये पोळ्या संपल्या की जे होतं ते काय कमी थरारक असतं?

आपल्याकडे दर वर्षी कुणी ना कुणी मिनी-प्रोजेक्टला गेम करतंच. त्यांना एकच सुचवते. देवगिरीचा थ्रीडी तट नंतर करा. आधी एक व्हेरिएबल घ्या: किल्ल्यात किती दिवसांचं धान्य. आणि नवा गेम घेताना एवढंच विचारा, की तट न फोडता हा किल्ला पडू शकतो का? उत्तर 'नाही' आलं, तर तो इतिहास नुसता पगडीपुरता.

बघा, पटतंय का!