अंगठ्याचा ठणका आणि युरिक ॲसिडचा कागद

रात्री दोनच्या सुमारास आमच्या गल्लीतल्या काकूंनी दार वाजवले. "ताई, ह्यांचा पाय बघा हो." काका 52 वर्षांचे, हमाली करणारे. जेवून नीट झोपले होते. डाव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी असा ठणका उठला की चादरीचा स्पर्शही सहन होईना. सांधा लालबुंद, सुजलेला, हाताला गरम.

मी आधी जखम शोधली. बोटांच्या बेचक्या, नखाची कड, तळवा, टाचेच्या भेगा. कुठेच काही नव्हते. ताप नव्हता, साखरेचा आजार नव्हता. मग विचारले, असे पूर्वी झाले होते का? झाले होते, आठ महिन्यांपूर्वी, त्याच अंगठ्याला. तेव्हा "इन्फेक्शन" म्हणून पाच दिवस अँटिबायोटिक मिळाले आणि आठवड्यात पाय बरा झाला.

खरी चूक तिथेच रुजते. गाऊटचा झटका औषध न घेताही साधारण एक-दोन आठवड्यांत ओसरतो. मधे जी गोळी घेतली, तिला श्रेय जाते.

गाऊटमध्ये रक्तातले जास्तीचे युरिक ॲसिड सुईसारख्या बारीक स्फटिकांच्या रूपात सांध्यात साचते. पायाचा अंगठा शरीरातला थंड भाग, तिथे स्फटिक लवकर बनतात. दुखणे बहुधा रात्री सुरू होते आणि 12 ते 24 तासांत टोकाला जाते. काका दोन वर्षे रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत होते. तिनेही युरिक ॲसिड वाढते. त्यात आदल्या दिवशी लग्नघरी मटण आणि बिअर झाली होती.

सकाळी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून गाऊटच ठरवला आणि कोल्चिसिन दिले. रक्ताच्या रिपोर्टात युरिक ॲसिड मात्र 6.2, म्हणजे नॉर्मल. घरचे गोंधळले. पण झटका चालू असताना हा आकडा खाली उतरलेला असू शकतो. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासले तेव्हा तो 9.1 आला.

उलट बाजूही मी पाहिली आहे आणि ती जास्त जिव्हारी लागते. ओळखीतल्या एका ताईंना 12 वर्षांचा मधुमेह. अंगठा लाल, सुजलेला, पण दुखणे बेताचे, कारण पायाची संवेदनाच कमी झाली होती. युरिक ॲसिड 7.6 आले. तो कागद पाहून एका खासगी दवाखान्यात गाऊट ठरला आणि स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले गेले. पाय उलटा करून कुणी पाहिलाच नाही. अंगठ्याखालच्या घट्ट्यात बारीक छिद्र होते आणि आत पू. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप आला. पुढे अंगठा काढावा लागला.

म्हणून माझे मत ठाम आहे: एकट्या युरिक ॲसिडच्या आकड्यावर कुणाचाही अंगठा गाऊटचा किंवा जंतुसंसर्गाचा ठरवू नये. आकडा जास्त असूनही जन्मात गाऊट न होणारी माणसे पुष्कळ आहेत. ताप आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी तर दोन्हींत दिसू शकतात. शंका उरली तर खात्रीची वाट एकच, सांध्यात सुई घालून पाणी काढणे. सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसतात आणि त्याच पाण्याच्या कल्चरमधून जंतू कळतात. क्वचित दोन्ही एकत्रही सापडतात, म्हणून स्फटिक दिसले तरी कल्चर सोडू नये. रुग्ण स्थिर असेल तर हे पाणी अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यावे, नाहीतर जंतू हाती लागत नाहीत. सुईचे नाव काढले की आपली माणसे घाबरतात, पण पू झालेला सांधा काही दिवसांत कायमचा खराब होतो.

मधुमेह असेल, पायाला जखम किंवा छिद्र असेल, ताप-थंडी असेल, लाली घोट्याकडे चढत असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तर घरी थांबू नका, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. आयुष्यातला पहिलाच झटका असेल तरी डॉक्टरांनी पाय पाहिल्याशिवाय स्वतः निदान करू नका. तोवर पाय उशीवर उंच ठेवा. बधिरपणा नसेल तर कपड्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावा. चोळणे, गरम शेक, मेडिकलमधून आणलेली अँटिबायोटिकची अर्धी पट्टी, हे नको. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर दुखण्याच्या गोळ्याही विचारल्याशिवाय नको.

काकांची रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी बदलली. त्यांनी ती स्वतःहून बंद केली नाही, हे बरे केले. युरिक ॲसिड 6 च्या खाली आणण्यासाठी ॲलोप्युरिनॉल 100 मिलिग्रॅमपासून सुरू झाले आहे. अंगावर पुरळ उठले तर गोळी थांबवून लगेच दाखवायचे, हे मी काकूंना दोनदा सांगून ठेवले आहे. काकांना सांगून उपयोग नसतो.