उत्पन्न यंदा घटलं, दाखला मात्र गेल्या वर्षीचा. कॉलेजकडे फीचे हप्ते कसे मागायचे?

अमरावतीजवळचा भातकुली तालुका खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचं पाणी खारट, त्यामुळे शेतीची सगळी भिस्त पावसावर. सोयाबीनचा उतारा निम्म्यावर आला की घरातल्या कॉलेजच्या फीचं गणितही बिघडतं. मग तहसीलचा उत्पन्नाचा दाखला घेऊन पोरं ऑफिसात जातात आणि तिथंच अडतात. कारण दाखल्यावर मागच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न असतं. यंदाचा फटका त्यात दिसतच नाही.

म्हणून दाखल्यासोबत पीक नुकसानीच्या पंचनाम्याची प्रत जोडा. ती नसेल तर माल विकल्याच्या पावत्या जोडा, गेल्या वर्षीची आणि यंदाची. दोन्ही शेजारी ठेवल्या की वेगळं सांगावं लागत नाही.

नुसतं ‘हप्ते पाडून द्या’ म्हणू नका, तारखा तुम्हीच सुचवा. समजा २४ हजार बाकी आहेत. ४ हजार आता, ८ हजार सोयाबीन विकल्यावर नोव्हेंबरअखेर, १२ हजार कापसाचे पैसे आल्यावर जानेवारीअखेर. महाडीबीटीची शिष्यवृत्ती मिळणार असेल तर ती रक्कम आधी वजा करायला सांगा.

खरी गोची परीक्षा अर्जाची. त्याची मुदत बऱ्याचदा दुसऱ्या हप्त्याच्या आधीच येते आणि ‘बाकी भरा, मग फॉर्म’ असं ऐकावं लागतं. हप्ते वेळेवर सुरू असतील तर फॉर्म अडवू नये, हे वाक्य अर्जातच लिहा.

अर्ज प्राचार्यांच्या नावे द्या, आवक क्रमांकासह पोच घ्या आणि मंजुरी लेखी मागा. काउंटरवरचे दादा ‘चालते ना’ म्हणाले, तरी मंजुरीची सही त्यांची नसते.