जुने तास आठवून लिहू नका, पुराव्यातून मोजा



दुकान सांभाळता सांभाळता दुसऱ्यांना धंद्याचं मार्गदर्शन करणारे आपल्यात बरेच आहेत. त्यातले काही आता ‘बिझनेस कोच’ म्हणून रीतसर प्रमाणपत्र घ्यायचं म्हणतात. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं, म्हणजे आयसीएफचं, पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र म्हणजे एसीसी. त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा तर आहेच, शिवाय प्रत्यक्ष कोचिंगचे १०० तास लागतात. त्यातले किमान ७५ तास पैसे घेऊन केलेले हवेत, किमान ८ क्लायंट हवेत आणि २५ तास अर्जाच्या आधीच्या १८ महिन्यांतले हवेत.

अडचण इथेच येते. काम केलेलं असतं, पण गल्ल्यावर बसून, फोनवर, चहा पिता पिता. नोंद कुठेच नसते. मग लोक एका रात्रीत बसून आठवणीतून १०० तासांचा तक्ता भरतात. माझं स्पष्ट मत आहे, हे करू नका. आयसीएफ तपासणीसाठी तुमची नोंदवही मागू शकते आणि क्लायंटकडे चौकशीही करू शकते.

एक उदाहरण धरू. बुटीक चालवणाऱ्या एक ताई म्हणतात, “माझे १४० तास तर सहज झाले असतील.” आता हे मोजू या.

पहिली चाळणी तारखेची. कोचिंगचं प्रशिक्षण सुरू झाल्यानंतरचेच तास धरतात. ताईंचे त्याआधीचे २८ तास गेले, उरले ११२. दुसरी चाळणी कामाच्या प्रकाराची, आणि आपल्यासारखे लोक इथेच सगळ्यात जास्त अडकतात. जीएसटी समजावणं, हिशोब शिकवणं, “हा माल घे, तो घेऊ नको” असं सांगणं हे शिकवणं किंवा सल्ला झाला, कोचिंग नाही. समोरच्याला प्रश्न विचारून त्याचा निर्णय त्यालाच घ्यायला लावला, तो तास कोचिंगचा. अशा वर्गांचे २२ तास वजा केले, उरले ९०.

तिसरी चाळणी पुराव्याची. माझा नियम सोपा आहे. एका सेशनला दोन खुणा मिळाल्या तरच तो धरायचा. कॅलेंडरमधली नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचा “उद्या ४ ला भेटू” हा मेसेज, व्हिडिओ कॉलची लिंक, यूपीआयची एंट्री, यातल्या कुठल्याही दोन. नुसती यूपीआय एंट्री पैसे आल्याचं सांगते, किती वेळ बसलात ते सांगत नाही. नुसता मेसेज भेट ठरल्याचं सांगतो, झाल्याचं नाही. या चाळणीत ९ तास गळले, उरले ८१. अर्ध्या तासाचा कॉल असेल तर अर्धाच तास लिहायचा.

आता या ८१ ची वाटणी. ६२ तास पैशाचे, १९ फुकट केलेले. पैशाचा तास म्हणजे मोठी फीच हवी असं नाही. रक्कम कितीही चालते, बदल्यात वस्तू किंवा सेवा घेतली तरी चालते. एका डबेवाल्या ताईंनी फीऐवजी महिनाभर डबा दिला असेल, तर तोही पैशाचाच तास. पण तसं ठरलं होतं हे दाखवता यायला हवं. आणि क्लायंट निघाले ७.

म्हणजे ताईंना अजून १९ तास हवेत, त्यातले किमान १३ पैशाचे, आणि किमान एक नवा क्लायंट. आठवड्याला एक सेशन धरलं तर साधारण पाच महिने. ८१ पैकी १४ तास शेवटच्या १८ महिन्यांतले असतील, तर नव्या १९ मुळे २५ ची अटही सुटते. फक्त मधले महिने पुढे सरकतात तसे जुने तास त्या खिडकीतून बाहेर पडतात, म्हणून अर्ज करायच्या आधी हा आकडा पुन्हा मोजा.

जुन्या सातही क्लायंटना आजच ईमेल करा. “अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपले अंदाजे इतके तास झाले, बरोबर आहे का? तुमचं नाव आणि संपर्क माझ्या नोंदवहीत ठेवायला परवानगी आहे का?” कोचिंगमध्ये गोपनीयता असते, म्हणून दुसरा प्रश्न टाळता येत नाही. नाही म्हणाले, तर ते तास सोडून द्या.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. मागची तारीख टाकून पावत्या बनवू नका. आजच्या तारखेनं, जुन्या कामाबद्दल क्लायंटनं लिहिलेलं पत्र हा खरा कागद आहे. आज बनवलेली दोन वर्षांपूर्वीची पावती खोटीच. १४० चे ८१ झाले म्हणून वाईट वाटेल, पण या ८१ साठी कुणाचाही फोन आला तरी ताईंना घाम फुटणार नाही.

इथून पुढे सेशन संपलं की गल्ल्याचा हिशोब लिहिता तशीच एक ओळ लिहा: नाव, तारीख, वेळ, पैसे घेतले की फुकट.