छायाचित्राचा कायमचा पत्ता

जव्हार-मोखाड्याच्या परिसरातील वारली चित्रांच्या वस्तू आता ऑनलाइन बाजारातही विकल्या जातात. जव्हारच्या एखाद्या दुकानदाराकडे अशा साठ वस्तू आहेत, असे समजू. तो एकेक वस्तू न चढवता एक्सेल पत्रक भरतो. त्यात नाव, भाव आणि छायाचित्राची लिंक असते. पत्रक स्वीकारले जाते, पण छायाचित्रांच्या रकान्यात साठही ओळी नाकारल्या जातात.

कारण साधे असते. गुगल ड्राइव्हची शेअर लिंक छायाचित्राची नसते. ती छायाचित्र दाखवणाऱ्या पानाची असते. बाजारपेठेच्या संगणकाला हवी असते थेट फाइल. खालील दोन पत्त्यांतील पहिला नाकारला जातो, दुसरा चालतो.

```
https://drive.google.com/file/d/.../view
https://img.example.in/warli/WT014-1.jpg
```

पारख सोपी आहे. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत लिंक उघडावी. लॉगिन न मागता, बटणे वा चौकट न दिसता केवळ चित्र दिसले, तर लिंक योग्य. इन्स्टाग्रामवरील चित्राचा पत्ता उचलला, तर तो आज या परीक्षेत उतरतो. पण त्याला मुदत असते आणि काही काळाने तो मरतो.

दुसरे संकट माल चढल्यानंतरचे. काही मंच चित्राची प्रत स्वतःकडे ठेवतात. काही मात्र मूळ पत्त्यावरून ते पुन्हा पुन्हा आणतात. तेथे पत्ता बंद पडला की चालू विक्रीतील वस्तू चित्राविना उरते. सन २०१७ मध्ये फोटोबकेट या संस्थेने अन्य संकेतस्थळांवर चित्रे दाखवण्यासाठी वर्षाला सुमारे ४०० डॉलरची योजना सक्तीची केली, तेव्हा ईबे व अॅमेझॉनवरील असंख्य विक्रेत्यांची चित्रे एकाएकी नाहीशी झाली. माल त्यांचा होता, पत्ता परक्याचा होता.

म्हणून पत्ता स्वतःच्या डोमेनचा असावा. उद्या साठवण दुसऱ्या कंपनीकडे नेली, तरी त्याच नावाच्या फाइली त्याच मार्गावर ठेवल्या की जुन्या लिंक अबाधित राहतात. डोमेनचे नूतनीकरण मात्र चुकवू नये. ते संपले की सर्व चित्रे एकदम जातात.

फाइलींची नावे इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, मालाच्या क्रमांकावरून द्यावीत. .JPG आणि .jpg यांना अनेक सर्व्हर भिन्न मानतात, हे विसरू नये. चित्र बदलायचे झाल्यास जुन्या नावावर नवे ठेवू नये, कारण मंच जुनेच दाखवत राहण्याचा संभव असतो. WT014-2.jpg असे नवे नाव द्यावे, पत्रकात ते बदलावे आणि नवे चित्र दिसू लागेपर्यंत जुनी फाइल काढू नये.

साठ ओळी चढवण्यापूर्वी दोनच ओळींचे पत्रक चढवून पाहावे. चूक असेल, तर ती दोन ओळींतच कळते.