व्हिडिओ टाकल्यानंतरचे ४८ तास : कोणता आकडा पाहायचा, कोणता सोडायचा?

यूट्यूबवर व्हिडिओ टाकला की अनेक क्रिएटर दर पाच मिनिटांनी फोन उघडून ‘रिअलटाइम’चा आलेख पाहतात. रेषा खाली आली की शीर्षक बदलतात, थोड्या वेळाने थंबनेलही बदलतात. ही धावपळ बहुतेक वेळा वाया जाते, कारण तासातासाचा हा आकडा व्हिडिओ का चालला किंवा का पडला, हे सांगतच नाही.

यूट्यूब स्टुडिओतल्या रिअलटाइम कार्डावर गेल्या ६० मिनिटांचे आणि ४८ तासांचे व्ह्यूज दिसतात. हे अंदाजी आकडे असतात आणि बनावट व्ह्यूज गाळले की पुढे बदलू शकतात. मध्यरात्रीनंतर रेषा खाली येते, कारण प्रेक्षक झोपलेले असतात. दुपारी अचानक उंच काडी दिसते, कारण कोणीतरी व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक टाकलेली असते. या दोन्हींवरून व्हिडिओच्या दर्जाचा निष्कर्ष काढता येत नाही.

‘१० पैकी ८’ असा क्रमांकही अनेकांची झोप उडवतो. तो क्रमांक फक्त एवढेच सांगतो की, आधीच्या व्हिडिओंना तेवढ्याच वेळात किती व्ह्यूज मिळाले होते आणि त्या तुलनेत हा कुठे आहे. आधीचे तीन व्हिडिओ गणपतीतल्या मोदकांचे असतील आणि नवा साध्या भाजीचा, तर आठवा क्रमांक म्हणजे अपयश नव्हे.

मग पाहायचे काय? पहिल्या तासात आकडे नव्हे, कमेंट वाचाव्यात. ‘आवाज येत नाही’, ‘साहित्याचे प्रमाण चुकले आहे’ अशा तक्रारी इथेच आधी कळतात आणि त्यावर लगेच काही करताही येते.

२४ तासांनंतर पाहावा तो क्लिक-थ्रू रेट, म्हणजे थंबनेल शंभर वेळा दिसले तर किती वेळा क्लिक झाले. मात्र तो एकटा पाहू नये, शेजारी इम्प्रेशन्सचा आकडा हवाच. समजा, एका पाककृती चॅनेलने शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता आठ मिनिटांचा व्हिडिओ टाकला. रात्री दहापर्यंत थंबनेल २,००० वेळा दिसले आणि १८० क्लिक आले. रेट झाला ९ टक्के. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इम्प्रेशन्स २०,००० आणि क्लिक ९०० होते. म्हणजे रेट साडेचार टक्क्यांवर आला.

पाहणाऱ्याला वाटेल, व्हिडिओ निम्म्याने पडला. प्रत्यक्षात उलटे घडले आहे. पहिल्या तीन तासांत तो मुख्यतः जुन्या, ओळखीच्या प्रेक्षकांपुढे आला. नंतर यूट्यूबने तो होमपेजवर अनोळखी लोकांपुढे ठेवला. नंतरच्या १८,००० इम्प्रेशन्सवर ७२० क्लिक आले, म्हणजे ४ टक्के. पूर्वी चॅनेलचे नाव न ऐकलेल्यांकडून आलेला हा प्रतिसाद वाईट नाही. यूट्यूबच्याच माहितीनुसार निम्म्या चॅनेल आणि व्हिडिओंचा हा रेट २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. या क्षणी थंबनेल बदलणे म्हणजे उकळी आलेल्या आमटीखालचा गॅस बंद करणे.

काळजीचे चित्र वेगळे असते. इम्प्रेशन्स भरपूर मिळाली, पण रेट आपल्या नेहमीच्या व्हिडिओंपेक्षा बराच खाली राहिला, तर थंबनेल आणि शीर्षक बदलून पाहणे योग्य. इम्प्रेशन्सच काही शेकडा असतील, तर तेवढ्यावरून निर्णय घेऊ नये. पाच-सहा क्लिक इकडे-तिकडे झाले तरी टक्केवारी हलते.

तिसरी गोष्ट म्हणजे ३० सेकंदांनंतर किती प्रेक्षक टिकले. हा तपशील तयार व्हायला साधारण एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे पहिल्या रात्री तो शोधू नये. तो आपल्याच तेवढ्याच लांबीच्या जुन्या व्हिडिओंशी ताडून पाहावा. रेट चांगला, पण अर्ध्याहून अधिक लोक पहिल्या ३० सेकंदांत निघून जात असतील, तर दोष थंबनेलचा नाही. थंबनेलवर कुरकुरीत चकली आहे आणि व्हिडिओची सुरुवात मात्र चॅनेलच्या लांबलचक ओळखीने होते, असे काहीतरी घडलेले असते. स्टुडिओच्या एडिटरमधून तो सुरुवातीचा भाग कापता येतो. पुढचा व्हिडिओ थेट कढईपासून सुरू करणे हा त्याहून खात्रीचा उपाय.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. ४८ तास हा शेवटचा निकाल नाही. चकलीची कृती लोक दिवाळीच्या तोंडावर शोधतात. ऑगस्टमध्ये टाकलेला व्हिडिओ सर्चमधून ऑक्टोबरमध्ये उठू शकतो. म्हणून दोन दिवसांत स्टुडिओ तीनदाच उघडला तरी पुरे : तासाभराने कमेंटसाठी, २४ तासांनी क्लिकसाठी आणि ४८ तासांनी पहिल्या ३० सेकंदांसाठी. उरलेला वेळ पुढच्या व्हिडिओला द्यावा.