मावशींच्या पासबुकातले ३,२४० रुपये

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलै महिन्यात, आमच्या वस्तीतील एक मावशी पासबुक घेऊन आमच्याकडे आल्या. वय ६७. यजमान नोकरीत होते, ते वारल्यावर फंड आणि ग्रॅच्युइटीचे मिळून आलेले १८ लाख रुपये मावशींनी बँकेत मुदतठेवीत ठेवले. दर तीन महिन्यांनी त्याचे व्याज खात्यात जमा होते आणि त्यावर घर चालते. वार्षिक दर ७.२ टक्के, म्हणजे तिमाहीला ३२,४०० रुपये यायला हवेत. पासबुकात मात्र २९,१६० रुपयेच दिसत होते. "बाबा, बँकेने माझे तीन हजार कुठे नेले?" असा त्यांचा साधा प्रश्न होता.

बँकेने ते खाल्ले नव्हते. व्याज देतानाच त्यातून आयकर कापून सरकारकडे भरायचा, असा नियम आहे. त्यालाच टीडीएस म्हणतात. ज्याचे वय ६० पूर्ण झाले आहे अशा माणसाला एका बँकेकडून वर्षभरात एक लाखापर्यंत व्याज मिळाले तर बँक काही कापत नाही. (ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची आहे, त्याआधी ती ५० हजार होती.) व्याज एक लाखाच्या वर जाणार असे दिसले की मात्र लाखाच्या वरच्या भागावर नव्हे, सगळ्याच व्याजावर १० टक्के कपात होते. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. मावशींचे वर्षाचे व्याज १,२९,६०० रुपये होते. म्हणून पहिल्याच तिमाहीला ३,२४० रुपये गेले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टीडीएस कापला म्हणजे तेवढा कर लागतोच, असे नाही. बँकेला तुमची एकूण मिळकत ठाऊक नसते. तिला फक्त आपण दिलेले व्याज दिसते. "माझी सगळी मिळकत धरली तरी माझ्यावर कर बसत नाही" हे आपण लेखी कळवले की बँक कपात करत नाही. ६० वर्षांवरील माणसाने असे कळवण्याचा फॉर्म म्हणजे १५ एच. साठीच्या आतल्यांसाठी १५ जी असे.

मावशींना हे माहीत नव्हते असे नाही. २०२४ साली त्यांच्या मुलाने हा फॉर्म भरून दिला होता. तो एकदा दिला म्हणजे ठेव असेपर्यंत चालतो, अशी दोघांची समजूत झाली आणि तिथेच चूक झाली. हा फॉर्म एकाच आर्थिक वर्षापुरता असतो. ३१ मार्चला तो संपतो, आणि १ एप्रिलनंतर, पहिले व्याज जमा होण्याआधी, नवा द्यावा लागतो.

फॉर्म देण्याआधी आपण मावशींचा हिशेब मांडला पाहिजे, कारण खाली सही करताना आपण सत्य कथन करतो. मावशींना कुटुंबनिवृत्तिवेतन महिना १४,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,६८,००० रुपये मिळते. नव्या करपद्धतीत त्यातून एकतृतीयांश किंवा २५,००० यांपैकी जी रक्कम कमी ती वजा होते. इथे २५,००० वजा जाऊन १,४३,००० उरतात. त्यात ठेवीचे व्याज १,२९,६०० आणि बचत खात्याचे व्याज सुमारे २,४०० मिळवले की एकूण २,७५,००० रुपये होतात. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत चार लाखांपर्यंत करच नाही. तेव्हा मावशी निःशंकपणे फॉर्म देऊ शकत होत्या.

आता फॉर्ममधली मुख्य मेख. त्यात दोन रकमा मागतात. पहिली, ज्या व्याजासाठी हे निवेदन आहे ते वर्षाचे व्याज. दुसरी, वर्षाची अंदाजी एकूण मिळकत. मावशींच्या बाबतीत पहिली १,२९,६०० आणि दुसरी २,७५,०००. पुष्कळ जण पहिल्या जागी ठेवीचे मुद्दल लिहून मोकळे होतात. मग १८ लाखांची मिळकत असलेल्याला कर कसा नाही, असा प्रश्न उभा राहतो आणि फॉर्म परत येतो. मुद्दल ही मिळकत नव्हे. मिळकत म्हणजे व्याज. दुसऱ्या बँकेत वा पोस्टातही असाच फॉर्म दिला असेल तर किती फॉर्म दिले आणि त्यांतील व्याजाची बेरीज किती, हेही लिहायचे असते. प्रत्येक बँकेला वेगळा फॉर्म लागतो. एका बँकेला दिलेला दुसरीला कळत नाही.

दामदुपटीच्या ठेवीत व्याज हाती येत नाही, ते मुद्दलातच वाढत राहते. तरी ते दरवर्षी आपल्या नावे मोजले जाते आणि त्यावरही टीडीएस कापला जातो. म्हणून तेही हिशेबात धरावे. ठेव दोघांच्या नावे असेल तर पावतीवर पहिले नाव कोणाचे ते पाहावे. कपात पहिल्या नावाच्या पॅनवर होते. पहिले नाव नोकरीत असलेल्या मुलाचे असेल तर आईच्या फॉर्मने कपात थांबत नाही. यजमान वारल्यावरही पहिले नाव त्यांचेच राहिले असेल, तर आधी ठेव स्वतःच्या नावे करून घ्यावी.

मावशींनी त्याच आठवड्यात फॉर्म दिला. आम्ही बरोबर गेलो होतो. पोच घेतली, पॅनची नक्कल जोडली. पुढच्या तिमाहीपासून पूर्ण ३२,४०० रुपये जमा होऊ लागले. मात्र आधी कापलेले ३,२४० रुपये बँक परत देत नाही, कारण ते सरकारजमा झालेले असतात. ते मिळवण्यासाठी आयकर विवरणपत्र भरावे लागते. कर शून्य, कापलेला ३,२४०, म्हणून परतावा ३,२४०. २०२५-२६ साठी त्याची मुदत ३१ जुलै २०२६, आणि चुकल्यास ३१ डिसेंबर २०२६. भरण्याआधी २६ एएस या पत्रकात आपल्या पॅनपुढे ती रक्कम दिसते का, ते पाहून घ्यावे. तिथे नसेल तर परतावा अडतो. मग आधी बँकेकडे जाऊन पॅन नीट नोंदवला आहे का ते विचारावे.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. ज्याच्यावर खरोखर कर बसतो त्याने हा फॉर्म भरू नये. खोटे निवेदन केले तर दंड आणि कैदेचीही तरतूद कायद्यात आहे. वर्षाच्या मध्ये जागा विकली किंवा मोठी रक्कम हाती आली आणि हिशेब बदलला, तर ते बँकेला कळवावे.

वर दिलेले आकडे आणि १५ एच हे नाव २०२५-२६ चे आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या व्याजाला २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे. निवेदन द्यायची सोय त्यातही आहे, पण फॉर्मांचे क्रमांक निराळे आहेत. तेव्हा घरी पडलेला जुना १५ एच भरून नेऊ नये. खिडकीवर जाऊन "व्याजावर कर कापू नका, म्हणून द्यायचा या वर्षाचा फॉर्म" असे म्हणून मागावा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मावशींनी आता घरच्या दिनदर्शिकेवर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यावर लाल खूण करून ठेवली आहे.